तुम्ही विचारलंत म्हणून: कर्ज आधी की ठेव आधी?

"मॅडम, बँक लोकांच्या ठेवीच कर्जाऊ देते ना? मग कर्जातून ठेव कशी तयार होईल?"

मीही वर्षानुवर्षं तेच शिकवलं. 100 रुपयांची ठेव, 10 राखीव, 90 कर्ज. ते 90 पुन्हा ठेव, मग 81 कर्ज, असं करत शेवटी एकूण ठेवी 1000. गणित बरोबर जुळतं, म्हणून शंका आली नाही.

एका मुलीला आली. तिची आई बँकेत कारकून. तिने उत्तरपत्रिकेत लिहिलं होतं, "कर्ज देताना बँक कर्जखात्याला रक्कम नावे टाकते आणि ग्राहकाच्या खात्यात जमा करते. ठेव तिथेच तयार होते." मी 5 पैकी 0 दिले. ती आईकडून दोन्ही नोंदी कागदावर लिहून आणून स्टाफरूममध्ये आली. मी कागद हातातही घेतला नाही. "पुस्तकात आहे ते लिहायचं," म्हटलं. ती मान खाली घालून गेली. तो घडी घातलेला कागद मला आजही दिसतो.

चार वर्षांनी मी फ्लॅट घेतला, कर्ज 30 लाख. विकणाऱ्या काकांचं खातं त्याच शाखेत होतं. अधिकाऱ्याने स्क्रीन माझ्याकडे वळवली: माझ्या कर्जखात्याला 30 लाख नावे, काकांच्या खात्यात 30 लाख जमा. कुणाच्या मुदत ठेवीतून गेले, असं मी विचारलं. "कुणाच्याच नाही," तो म्हणाला. बँकेचं येणं आणि देणं, दोन्ही 30 लाखांनी वाढलं होतं.

तरी मी अगदीच चूक नव्हते. काकांचं खातं दुसऱ्या बँकेत असतं, तर माझ्या बँकेच्या रिझर्व्ह बँकेतल्या खात्यातून 30 लाख खरोखर गेले असते. ते कुठून तरी आणावेच लागतात: नव्या ठेवी, कॉल मनी म्हणजे दुसऱ्या बँकेकडून एका दिवसाची उसनवारी, नाहीतर रेपो म्हणजे रोखे तारण ठेवून रिझर्व्ह बँकेकडून घेतलेलं अल्पमुदतीचं कर्ज. म्हणून मॅनेजर ठेवींसाठी दारोदार फिरतात. पण ठेव फक्त बँक बदलते, एकूण बँकव्यवस्थेत ती राहतेच.

आणि राखीव निधी? सीआरआर, म्हणजे ठेवींचा रिझर्व्ह बँकेत ठेवावाच लागणारा हिस्सा, 4 टक्के असेल तर 30 लाखांवर 1 लाख 20 हजार. पण तो आधीच होऊन गेलेल्या पंधरवड्यातल्या ठेवींवर मोजतात, म्हणजे कर्ज देऊन झाल्यावर. तेव्हा सगळ्याच बँकांना निधी कमी पडला, तर कॉल मनीचा दर रेपोच्या आसपास राहावा म्हणून रिझर्व्ह बँक तो पुरवते. लगाम असतो तो व्याजदराचा, बँकेच्या भांडवलाचा आणि फेडू शकणारा कर्जदार मिळण्याचा. माझ्या हप्त्यातली मुद्दल तर दरमहा तेवढी ठेव पुसून टाकते. कर्जातून ठेव तयार होते, हे ब्रिटनच्या मध्यवर्ती बँकेने, बँक ऑफ इंग्लंडने, 2014 मध्ये स्पष्ट लिहिलं. त्या मुलीने त्याआधीच लिहिलं होतं.

यंदा फळ्यावर दोन्ही मांडलं. परीक्षेत कोणतं लिहायचं, असं एकाने विचारलं. मी पुस्तकातलंच सांगितलं.