आमची वाटचाल: चोवीसनं गुणणारे आणि आम्ही

आमची खडक तपासायची लॅब ठाण्यात, छोटासा गाळा, माणसं मोजकीच. सुरुवातीला यूसीएस, म्हणजे खडक किती दाबाला फुटतो ती ताकद, काढायचं कॉम्प्रेशन मशीन घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून पार्टनरने कुठूनतरी एक सेकंडहँड पॉइंट लोड मशीन आणलं, दोन टोकांमध्ये दगड दाबून फोडणारं, हाताने पंप मारायचं. ते अजून चालू आहे. ऑइल सील बदलले, गेज बदलले, पण फ्रेम तीच. त्याला दोन गेज आहेत, एक मोठ्या लोडचा आणि एक छोट्या लोडचा, कारण ब्रेशियासारखा मऊ खडक मोठ्या गेजवर लावला तर काटा जागचा हलतो न हलतो तोवर कोअर, म्हणजे बोअरमधून काढलेला दगडाचा दांडा, फुटलेला असतो आणि मग काय वाचणार तुम्ही, डोंबल. वरखालचे शंकू ६० अंशाचे, टोकाची गोलाई ५ मिमी. टोक झिजून बोथट झालं की तोच दगड जास्त लोड घेतो आणि रिपोर्टमध्ये खडक उगाच तगडा दिसतो, म्हणून टोकाचं टेम्प्लेट ड्रॉवरमध्येच ठेवा आणि मधूनमधून लावून बघा. (कुणी विचारलं नव्हतं, माहीत आहे.)

बरं, आता मेन गोष्ट. मुंबईच्या पश्चिम उपनगरातलं एक काम होतं. बिल्डरचं नाव घेत नाही, ज्या लॅबमुळे आमची वाट लागली तिचंही घेत नाही, लाइनमधल्यांना कळेलच. खाली व्होल्कॅनिक ब्रेशिया, म्हणजे मऊ टफमध्ये, ज्वालामुखीच्या राखेच्या दगडात, बसाल्टचे तुकडे अडकलेले. यूसीएसला कोअर व्यासाच्या किमान दुप्पट लांब आणि दोन्ही टोकं सपाट कापलेला लागतो, आणि इथे बॉक्समध्ये बहुतेक तुकडे वीतभरही नाहीत. अशा वेळी पॉइंट लोडच कामाला येतो, कोअर आडवा धरायचा, दोन टोकांमध्ये दाबायचा, १० ते ६० सेकंदांत फुटेल अशा बेताने पंप मारायचा. आणि फुटल्यावर तुकडे उचलून बघायचे! चीर दोन्ही टोकांच्या खुणांमधून गेली असेल तरच रीडिंग धरायचं, बाजूचा कपचा उडाला असेल तर ते रद्द. ब्रेशियात तर टोक नेमकं बसाल्टच्या खड्यावर बसलं की रीडिंग भलतंच वर जातं, म्हणून आम्ही फुटलेली बाजू बघून शेरा लिहितो आणि दहा-बारा रीडिंगमधली वरची दोन, खालची दोन काढून उरलेल्यांची सरासरी घेतो.

हिशोब असा, ५४ मिमीच्या कोअरचा:

```
Is = P / D² = 3600 / 54² = 1.235 MPa
F = (54/50)^0.45 = 1.035
Is(50) = 1.28 MPa
```

३६०० म्हणजे ३.६ किलोन्यूटन, रद्द न झालेल्या तुकड्यांमधला एक. त्या थराची सरासरी पण १.२८ च्याच आसपास आली. एफ म्हणजे आकडा ५० मिमीच्या कोअरवर आणायची दुरुस्ती, इथे किरकोळ वाटते, पण ४२ मिमीच्या कोअरला एफ ०.९२ होतो आणि विसरलात तर आकडा आठेक टक्के फुगतो.

इथपर्यंत कुणाचं भांडण नाही. भांडण पुढे आहे. या Is(50) वरून यूसीएस काढायला पुस्तकात गुणक २४ आहे, तो १९७२ पासून चालत आलाय, आणि लोक तो देवाने दिल्यासारखा लावतात. खरं म्हणजे २४ हा बऱ्यापैकी कडक दगडाचा आकडा आहे, आयएसआरएम या खडकांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या पद्धतीतसुद्धा नेहमीसाठी २० ते २५ आणि थराथरांच्या दगडासाठी १५ ते ५० असं सांगितलंय. मऊ दगडाला गुणक खाली येतो, कारण टोक दगडात रुततं आणि तुकडा आडवा ताणून फाटण्याऐवजी आधी दबून चिरडतो. यूसीएस २५ मेगापास्कलच्या खाली गेलं की पॉइंट लोडवर भरवसा ठेवू नये हे तर सगळ्या लाइनला माहीत आहे, किंवा असायला हवं.

आम्ही १४ धरून १८ मेगापास्कल दिलं आणि खाली लिहिलं की यूसीएस करून घ्या. त्या दुसऱ्या लॅबने त्याच बॉक्समधले तुकडे घेतले, उन्हात वाळलेले, कोरडेच टेस्ट केले, १.५ काढलं आणि २४ ने गुणून ३६. आता पायाला लावा. खडकावरच्या पायाच्या आयएस १२०७० या भारतीय मानकाप्रमाणे जॉइंटचं, म्हणजे खडकातल्या भेगांचं, अंतर ३० सेंमी ते १ मीटर असेल तर यूसीएसला ०.१ ने गुणायचं, म्हणजे त्यांचे चौरस मीटरला साधारण ३६५ टन आणि आमचे १८० च्या आसपास. फुटिंगचा आकार दुप्पट! बिल्डरच्या माणसाने फोन करून सांगितलं, "तुम्ही फार घाबरता हो, दुसरे सांगतात खडक एकदम सॉलिड आहे." काम गेलं, बिल अडकलं, आणि बाजारात झालं की ही लॅब कन्झर्व्हेटिव्ह आहे, पैसे वाढवते. त्यानंतर फोन वाजायचे बंद झाले. पार्टनर म्हणाला, दुसऱ्यांसारखं २४ लाव ना, कोण बघतंय. भांडण झालं आणि तो वेगळा झाला. पगाराला बायकोच्या बांगड्या गहाण पडल्या, मशीनला पण गिऱ्हाईक बघून ठेवलं होतं मी.

वाचवलं काकांनी. काका म्हणजे एक जुने स्ट्रक्चरल कन्सल्टंट, आमचे पहिले गिऱ्हाईक, रिपोर्टवर पेन्सिलने खुणा करून परत पाठवणारे. त्याच साइटचं डिझाइन तपासायला त्यांच्याकडे आलं होतं. दोन रिपोर्ट समोर ठेवून मला म्हणाले, "तू १४ कुठून आणलास ते मला पटवून दे, नाहीतर दोघांचेही फेकतो." मी म्हटलं काका, पटवत नाही, मोजून दाखवतो. मग नवीन बोअर घेतलं, कोअर बाहेर आल्याआल्या क्लिंग फिल्ममध्ये गुंडाळला कारण टफ वाळला की तडकतो. जेवढे लांब तुकडे मिळाले त्या प्रत्येकाला लागून असलेला छोटा तुकडा जोडीला लावला, दोन्ही पाण्यात भिजवले, लांब तुकडे एका कॉलेजच्या लॅबमध्ये यूसीएसला दिले आणि छोटे आमच्या मशीनवर. जोडी ड्रिलिंगच्या एकाच रनमधली, एकाच ओलाव्याची हवी हे महत्त्वाचं आहे, नाहीतर तुम्ही गुणक नाही तर कोरड्या-ओल्याचा फरक मोजत बसता. पॉइंट लोडची सरासरी पुन्हा १.२८, यूसीएसची १६.६. भागून बघा, १३.

म्हणजे मी धरलेला १४ पण थोडा जास्तच होता, आणि मला घाबरट म्हणत होते. काकांनी चौरस मीटरला १७० च्या आत ठेवून राफ्ट, म्हणजे इमारतीखाली एकच सलग पाया, करायला लावला. त्या लॅबने ना रिपोर्ट मागे घेतला ना एक शब्द बोलली, त्यांचा धंदा आजही जोरात आहे.

त्यानंतरची वर्षं बरी गेली, कॉम्प्रेशन मशीन आलं, मुलगा हाताशी आला, त्यात लिहिण्यासारखं काही नाही. काकांच्या ओळखीने मेट्रोच्या सब-कॉन्ट्रॅक्टरची कामं मिळाली एवढं सांगतो. आता आमच्या रिपोर्टमध्ये गुणकाचा वेगळा रकाना असतो, प्रत्येक थराचा वेगळा, आणि तो किती जोड्यांवरून काढलाय ते शेजारी. कॉम्पॅक्ट बसाल्टला २२-२४ निघतो तेव्हा आम्ही पण २२-२४ लिहितो, आमचं २४ शी वैर नाही. आणि हो, जोड्यांमध्येही एक गोम आहे, लांब तुकडा मिळतो तोच मुळात थरातला चांगला दगड असतो, खराब भाग ड्रिलिंगच्या पाण्याबरोबर वाहून गेलेला असतो, म्हणून कोअर रिकव्हरी, म्हणजे खोदलेल्या लांबीपैकी हाती आलेला कोअर, कमी असेल तिथे १३ सुद्धा डोळे झाकून लावू नका, रिकव्हरी आणि आरक्यूडी, म्हणजे त्यातल्या लांब अखंड तुकड्यांचं प्रमाण, शेजारी ठेवूनच डिझाइनरला आकडा द्या.

आमचं ते बिल अजून येणं आहे. दरवर्षी मार्चमध्ये मी बिल्डरला स्मरणपत्र पाठवतो, सोबत गुणकाचा तक्ता जोडून.