काटा डावीकडे गेला, मी उजवीकडे लिहिलं होतं

रविवार गेला तो एका उलट्या काट्यापायी. एक इंची पीव्हीसी पाइपवर ३२ गेजच्या तारेचे ४०० वेढे, चार थरांत, अशी कॉइल केली; तिच्यात चुंबक आत-बाहेर नेला की धारा वाहते आणि जोडलेल्या मीटरचा काटा हलतो. आता नियम असा केलाय की चुंबक हलवायच्या आधी दिशा वहीत लिहायची, मगच मीटरकडे बघायचं.

वहीतलं गणित: पाइप उभा, चुंबकाचा उत्तर ध्रुव वरून खाली आणायचा. कॉइलमधून खाली जाणाऱ्या बलरेषा वाढतात. ही वाढ अडवायला कॉइलनं स्वतःचं क्षेत्र वर काढायला हवं. उजव्या हाताचा अंगठा वर धरला की बोटं वळतात ती वरून पाहता घड्याळाच्या उलट. मी तार गुंडाळली ती वरून पाहता घड्याळाच्या दिशेनं. म्हणजे कॉइलच्या आत धारा शेवटाकडून सुरुवातीकडे वाहणार आणि सुरुवातीच्या टोकातून बाहेर पडणार. ते टोक मीटरच्या लाल टर्मिनलला जोडलेलं, म्हणून काटा उजवीकडे.

गेला डावीकडे. चुंबक वर ओढला तर उजवीकडे. आत आणि बाहेर दोन्ही वेळा उलटं आलं, म्हणजे विचार बरोबर असून कुठंतरी एक खूण चुकली होती.

मीटर तपासला: दीड व्होल्टचा सेल, मध्ये १० किलोओहमचा रेझिस्टर, प्लस लाल टर्मिनलला. काटा उजवीकडे, बरोबर. (रेझिस्टर विसरू नका, काटा आपटतो.) चुंबक दोऱ्याला टांगला, उत्तरेकडे वळलेलं टोक तेच निघालं. उरली कॉइल. थर चार, म्हणजे सम, त्यामुळे दोन्ही टोकं पाइपच्या वरच्याच बाजूला निघतात आणि सारखीच दिसतात. नखानं सगळ्यात बाहेरच्या थरावरून तार धरत गेलो, तर लाल टर्मिनलला होतं ते शेवटाचं टोक!

आमच्या पूर्व भागात सुताला तोटा नाही. शेजारच्या मागवाल्या काकांकडून लाल सुताचा तुकडा आणून सुरुवातीच्या टोकाला गाठ मारली. "आम्ही पण टोक हरवलं की असंच शोधतो," काका म्हणाले. दोन चुका एकदम झाल्या असत्या तर काटा मुकाट बरोबर दिसला असता, म्हणून आता तिन्ही खुणा वेगवेगळ्या तपासतो.

मग चुंबक उत्तर ध्रुव खाली ठेवून आरपार नेला. खालून बाहेर पडताना मी आधी "उत्तर ध्रुवच दूर जातोय" असं धरून बसलो होतो, पण तेव्हा कॉइलजवळ असतो तो मागचा दक्षिण ध्रुव. ध्रुव सोडून बलरेषाच मोजल्या की सोपं: त्या अजूनही खालीच जातात, फक्त कमी होतायत. कॉइल त्यांना टिकवायला खालीच क्षेत्र काढते, वरून पाहता धारा घड्याळाच्या दिशेनं, काटा डावीकडे. हातानं सावकाश नेल्यावर आधी उजवा, मग डावा झटका स्पष्ट दिसला. नुसता सोडून दिला तर काटा थरथरला फक्त. इतक्या झटपट उलटणाऱ्या धारेमागं जड काटा पळू शकत नाही.