तुम्ही विचारलंत म्हणून: पोस्टरवरचा एकुलता आलेख

"दोन महिने इंटर्नशिप केलीस आणि पोस्टरवर एकच आलेख? बाकी काही केलेच नाहीस का?"

केले होते. अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत टॉवेल रंगवणाऱ्या एका कारखान्याच्या सांडपाण्यावर मी काम करत होते, आणि पहिल्या मसुद्यात सात आलेख होते. ८४१ बाय ११८९ मिलिमीटरचा कागद मोठा वाटतो खरा, पण एवढे सारे कोंबल्यावर दोन हातांवरूनही अक्षर वाचता येईना. पोस्टरसमोर बोलायला दोन मिनिटे होती, आणि तेवढ्यात माझ्याकडून सुमारे २४० शब्द बोलून होतात. मी लिहिले होते ६१०.

जागा आणि वेळ पुरत नव्हता, असेच मी आजवर सर्वांना सांगत आले. ते अर्धेच खरे आहे.

संमेलनाच्या आठ दिवस आधी विभागात तालीम झाली. माझा सर्वांत देखणा आलेख तुरटीचा होता. धुवणीच्या रंगीत पाण्याच्या बीकरांत वाढत्या मात्रेने तुरटी घालायची, एक मिनिट जोरात आणि वीस मिनिटे संथ ढवळायचे, अर्धा तास निवळू द्यायचे आणि वरचे पाणी गाळून कलरीमीटरवर रंग मोजायचा. लिटरमागे २०० मिलिग्रॅम तुरटीने १५ टक्के रंग गेला, ८०० ने ७४ टक्के. शीर्षकात मी ठणकावून लिहिले होते, "योग्य मात्रा: ८०० मिलिग्रॅम".

मार्गदर्शक बाईंनी विचारले, "शेवटी सामू किती होता?"

सामू म्हणजे पाणी किती आम्लधर्मी वा अल्कधर्मी हे सांगणारा आकडा; ७ म्हणजे उदासीन, त्यावर अल्कधर्मी. वहीत नोंद होती. मूळ पाण्याचा सामू १०.६, पहिल्या बीकरचा १०, ८०० च्या बीकरचा ६.८.

"मग रंग मात्रेमुळे गेला, की सामू उतरल्यामुळे?"

तुरटी स्वतःच आम्लधर्मी असते. पाणी फार अल्कधर्मी असेल तर तिच्यातील ॲल्युमिनिअम विरघळलेलेच राहते. रंगाला धरून खाली बसणारे पुंजके सामू उदासीनाच्या जवळ आल्यावर नीट तयार होतात. म्हणजे माझ्या एका रेषेत दोन कारणे गुंतलेली होती. आधी आम्ल घालून सर्व बीकर एकाच सामूवर आणले असते, तर कदाचित निम्म्या तुरटीतही भागले असते. मी बाईंशी वाद घातला, कारखान्यात असेच करतात म्हणाले, आणि घरी येऊन वही पुन्हा उघडली. इंटर्नशिप संपली होती. ते पाणीही उरले नव्हते, आणि नव्या लॉटचे पाणी वेगळ्या रंगाचे येते.

म्हणून बाकीचे सहा आलेख काढून टाकले. उरलेल्या आलेखात प्रत्येक बिंदूखाली सामू लिहिला, शीर्षकाचा प्रश्न केला, आणि दोन मिनिटांतले सव्वा मिनिट त्या एका गुंत्याला दिले.

परीक्षकांनी विचारले, "मग कारखान्याने तुरटी किती घालायची?" या प्रयोगावरून सांगता येत नाही, असे मी म्हणाले. त्यांनी मान हलवली आणि ते पुढच्या पोस्टरकडे गेले.

गाळाचा आलेख तरी ठेवायला हवा होता, असे मला अजूनही वाटते. मात्र गाळ किती बसेल हेही सामूवर ठरते, आणि तो मी त्याच बीकरांत मोजला होता.