एकच डाळिंबी, तीन कापडं

"ताई, रेशमी साडी, सुती अस्तर आणि ब्लाउजची मखमल, तिन्ही डाळिंबीच घेतलं. मग शेजारी ठेवल्यावर वेगवेगळं का दिसतं? दुकानदाराने फसवलं का?"

दुकानदाराला उगाच दोष देऊ नका. अंगावर पडलेला उजेड प्रत्येक कापड आपापल्या तऱ्हेने परत पाठवतं.

रेशमाचा धागा अखंड आणि गुळगुळीत. थोडा उजेड रंगात न शिरता वरच्यावरच, एकाच दिशेने परततो. म्हणून निरीच्या फुगीर कडेवर डाळिंबी जवळजवळ पांढरट झळकतो आणि घडीच्या आत गडद होतो. त्यामुळे रेशमाचा रंग एकाच जागी बघून ठरवू नये.

सुताचे तंतू आखूड, पिळलेल्या चपट्या फितीसारखे, टोकं बाहेर आलेली. उजेड चहूकडे विखुरतो आणि रंगात सगळीकडे थोडा पांढरेपणा मिसळतो. अस्तराचा कोपरा ओला करून बघा, लगेच गडद होईल. तंतूंमधल्या हवेच्या जागी पाणी आलं की विखुरणं कमी होतं. वाळला की पुन्हा फिका.

खरी गंमत मखमलीची, आणि आम्हा शिवणाऱ्यांची डोकेदुखीही तीच. तिच्यावर उभी लव असते. उजेड लवेच्या दाटीत शिरतो, एका तंतूवरून दुसऱ्यावर आपटत खाली जातो आणि बराचसा तिथेच जिरतो. म्हणून तोच डाळिंबी इथे काळपट, खोल दिसतो. पण लव पूर्ण ताठ नसते, एका बाजूला किंचित झुकलेली असते. हात फिरवा: जिकडे मऊ लागतं ती लवेची दिशा. लव खालच्या दिशेने ठेवून शिवलं तर समोरून तंतूंची चमकती अंगं दिसतात, रंग उजळ वाटतो. वरच्या दिशेने ठेवली तर नजर टोकांमधून आत जाते आणि रंग गडद दिसतो. मी वरच्या दिशेनेच बेतते. कापड वाचवायला एक बाही उलटी बेतली, तर अंगात घातल्यावर ती दुसऱ्याच ठाणातली वाटते, आणि उसवूनही उपयोग नसतो. म्हणून मखमलीला कापड जास्त लागतं. इस्त्रीही वरून नको; लव चेपली की तिथे चकचकीत डाग पडतो. उलट बाजूने नुसती वाफ द्यायची.

साडीवर मखमल घेताना मी एक छटा फिकी निवडायला सांगते, आणि तीही उभी धरून. काउंटरवर आडवी पसरलेली मखमल वेगळीच दिसते. मात्र दुकानातल्या दिव्याखाली जुळलेलं उन्हात बिनसलं, तर कारण पोताचं नसतं. रेशीम, सूत आणि पॉलिएस्टरची मखमल यांना वेगवेगळ्या जातीचे रंग लागतात, ते दिव्यात सारखे दिसले तरी उन्हात फुटतात. तेव्हा तुकडा दुकानाबाहेर नेऊन बघा.