तिशी लागली आणि टक्का वाढला

आमच्या कबड्डी संघातल्या एका चढाईपटूची चरबी एप्रिलमध्ये १८.४ टक्के भरली होती. ऑक्टोबरमध्ये ती २०.४ निघाली. प्रशिक्षक सर माझ्या टेबलापाशी आले आणि म्हणाले, "मॅडम, हा उन्हाळाभर वडापाव खात बसलेला दिसतोय. निवड दोन दिवसांवर आलीय." पोरगा मागेच उभा होता. म्हणाला, "सर, माझी शॉर्ट्स सैल होतेय हो."

मला त्याचं म्हणणं खरं वाटलं, कारण माझ्या वहीतले आकडे वेगळंच सांगत होते. कॅलिपरने आम्ही चार जागी चिमटीत धरलेल्या कातडीच्या घडीची जाडी मोजतो: दंडाचा पुढचा भाग, दंडाचा मागचा भाग, पाठीवर खांद्याच्या फऱ्याच्या खालच्या टोकाशी आणि कमरेच्या हाडाच्या वर, बगलेतून खाली येणाऱ्या रेषेवर. एप्रिलमध्ये तिथे ५, ९, १६ आणि १८ मिलिमीटर भरले होते, बेरीज ४८. आता ५, ८, १५, १७, बेरीज ४५. बेरीज उतरली आणि टक्का चढला!

पहिला संशय मोजण्यावरच घ्यायचा असतो. त्यातही सगळ्यात लबाड जागा कमरेची. बोटभर पुढे, पोटाच्या बाजूला सरकलात तरी घडी वेगळी येते. शिवाय सराव करून घामाघूम झालेल्या अंगाची चिमूट धडपणे धरता येत नाही, आणि मुंबईच्या ऑक्टोबरमध्ये तर नुसतं उभं राहूनही घाम येतो. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी, सरावाआधी, अंग कोरडं पुसून त्याला पुन्हा मोजलं. उजवी बाजू, पेनाने खुणा. अंगठा आणि तर्जनीने कातडी आणि तिच्याखालची चरबी उचलायची, स्नायू नाही. कॅलिपरचे जबडे बोटांपासून एक सेंटीमीटर अंतरावर लावायचे, चिमूट सोडायची नाही आणि दोन सेकंदांनी आकडा वाचायचा. एकच जागा लागोपाठ मोजली तर चरबी दबते आणि आकडा उगाच कमी येतो, म्हणून चारही जागांची एक फेरी संपवून मग दुसरी. बेरीज पुन्हा ४५. चार जागा मिळून तीन मिलिमीटर ही काही फार मोठी घट नव्हे, तेवढा फरक हातानेही पडू शकतो. पण वाढ तर नक्कीच नव्हती.

मग एक्सेलची शीट उघडली. आम्ही डर्निन आणि वोमर्स्ली यांचं १९७४चं कोष्टक वापरतो. त्यात बेरजेचा लॉगॅरिदम घेऊन आधी शरीराची घनता काढतात आणि मग सिरीच्या सूत्राने टक्का. घनतेचे दोन स्थिरांक मात्र वयोगटाप्रमाणे बदलतात. आणि आमच्या पठ्ठ्याचा तिसावा वाढदिवस जुलैत झाला होता! एप्रिलमध्ये शीटने २० ते २९ची ओळ उचलली, ऑक्टोबरमध्ये ३० ते ३९ची.

```
20-29: D = 1.1631 - 0.0632 * log10(45)
30-39: D = 1.1422 - 0.0544 * log10(45)
% = 495 / D - 450
```

तीच ४५ची बेरीज पहिल्या ओळीत १७.६ टक्के देते, दुसरीत २०.४. म्हणजे जुनीच ओळ ठेवली असती तर १८.४ वरून १७.६ अशी घट दिसली असती.

कोष्टक चुकीचं आहे असं मात्र नाही. वय वाढतं तशी चरबीचा जास्त वाटा आत, अवयवांभोवती जातो, आणि तिथे चिमूट पोहोचत नाही. त्यामुळे कातडीखालची घडी तेवढीच असली तरी वयाने मोठ्या माणसाची एकूण चरबी साधारण जास्त असते. खऱ्या शरीरात हे हळूहळू, वर्षानुवर्षं होतं. कोष्टकात मात्र ते एका रात्रीत होतं. त्यातून हे कोष्टक ग्लासगोतल्या माणसांना पाण्याखाली तोलून बसवलेलं. आपल्याकडे हातपाय सडपातळ आणि चरबी पोटापाठीवर, हे चित्र सर्रास दिसतं, तेव्हा एकेका माणसाचा टक्का तीन-चारने इकडेतिकडे असू शकतो, हे मी धरूनच चालते.

सरांसमोर दोन्ही ओळींचे आकडे शेजारी मांडले. ते बराच वेळ शीट बघत राहिले. मग विचारलं, "म्हणजे खरा टक्का कुठला?"

"दोन्ही अंदाजच, सर. तुम्हाला याची तुलना याच्याशीच करायची असेल तर मिलिमीटर बघा."

"आणि बाजूच्या जिममध्ये याला बारा टक्के सांगितलंय, ते?"

तिथे छाती, पोट आणि मांडी मोजतात. जागा वेगळ्या, सूत्र वेगळं. तो आकडा आमच्या आकड्याशेजारी ठेवण्यात अर्थ नाही, एवढंच मी सांगितलं. निवडीच्या तक्त्यात आता चार जागांची बेरीज पहिल्या रकान्यात असते, टक्का शेवटच्या, आणि त्याच्यापुढे कोणती ओळ वापरली ते लिहिलेलं असतं. तिशी ओलांडणाऱ्या खेळाडूसाठी त्या हंगामापुरते दोन्ही टक्के देते. चढाईपटूचं नाव यादीत आलं. सरांनी ते त्याच्या चढाया बघून घातलं.