मेसेजमध्ये चूक नव्हती

बँकेच्या फसवणूक-तक्रार विभागात मी काम करतो. व्हिडिओसाठी लिहिणं हे माझं काम नाही, पण तक्रारी रोज मीच ऐकतो म्हणून ग्राहकांना फसवणुकीपासून सावध करणाऱ्या व्हिडिओची दीड मिनिटाची स्क्रिप्ट साहेबांनी माझ्याच गळ्यात घातली. अट एवढीच होती की त्यात एकच खरं वाटेल असं उदाहरण आणि बघणाऱ्याने लावून घ्यायची एकच सवय असावी. माझ्या पहिल्या खर्ड्यात फसवणुकीच्या नऊ खुणा होत्या. साहेबांनी त्यातल्या आठांवर काट मारली आणि एक ठेवली : ‘मेसेजमधली चूक ओळखा.’

उदाहरण शोधावं लागलं नाही, कारण त्याच आठवड्यात एक बाई माझ्यासमोर बसून गेल्या होत्या. त्यांना खात्यात १२,००० जमा झाल्याचा मेसेज आला आणि मिनिटभरात फोन. “ताई, तुमच्या भावाचे माझ्याकडे १,२०० राहिले होते, तुमच्या खात्यावर टाकायला सांगितले होते त्याने. घाईत एक शून्य जास्त पडलं बघा. तुमचे १,२०० ठेवा, बाकीचे तेवढे परत करा.” बाईंनी लगेच १०,८०० पाठवले. माझ्या स्क्रीनवर त्यांच्या खात्यात त्या दिवशीची एकच नोंद होती, तीही पैसे गेल्याची. जमा काहीच नव्हतं. “दुसऱ्याचे पैसे कशाला ठेवायचे?” असं त्या मला दोनदा म्हणाल्या. लोभी माणसं फसतात असं आपण सहज बोलून जातो, पण हा डाव उभाच आहे तो समोरच्याच्या प्रामाणिकपणावर.

शूटिंगच्या दिवशी बाईंची भूमिका कर्ज विभागातली आमची सहकारी करणार होती. तिच्या फोनवर दाखवायचा मेसेज मी खऱ्या मेसेजवरून शब्दन् शब्द उतरवला, फक्त खाते क्रमांकाचे शेवटचे आकडे बदलले. पहिल्या टेकमध्ये ती फोनकडे बघत राहिली आणि मग माझ्याकडे वळली. “सर, ‘चूक ओळखा’ म्हणायचंय मला, पण यात चूक कुठंय?”

चूक नव्हतीच. खऱ्या मेसेजमध्येही नव्हती. पाठवणाऱ्याचं नाव म्हणून जे दिसतं ती नुसती अक्षरं असतात, आणि काही वेळा ती बनावटही घालता येतात. फोन नाव बघून मेसेज एकत्र लावतो, त्यामुळे असा खोटा मेसेज बँकेच्या खऱ्या मेसेजांच्या रांगेत जाऊन बसतो. म्हणजे मी लोकांना जिथे बघायला सांगत होतो, तिथे बघण्यासारखं काही नव्हतं. इतक्या तक्रारी ऐकूनही हे मला कॅमेऱ्यासमोर कळलं, याची थोडी लाजच वाटली.

चहा होईपर्यंत मी ते वाक्य खोडून नवीन लिहिलं : “मेसेज वाचून पैसे आले असं धरू नका. फोन ठेवा, स्वतः अ‍ॅप उघडा आणि शेवटच्या नोंदी बघा.” फोन ठेवा हे मुद्दाम घातलं. तो माणूस लाइनवर असेपर्यंत “दवाखान्यात आहे, लवकर करा” असं काहीतरी बोलतच राहतो, आणि ते ऐकता ऐकता कुणी नोंदी तपासत नाही. मेसेजमधली लिंक दाबून खातं उघडायचं नाही, हेही त्या ‘स्वतः’मध्ये आलं.

एवढ्यात कॅमेरामन म्हणाला, “आणि पैसे खरंच आले असतील तर?”

कधीकधी येतातही. ते दुसऱ्या एखाद्या फसलेल्या माणसाचे असू शकतात. तुम्ही ‘परत’ म्हणून जे पाठवता तो बँकेच्या दृष्टीने वेगळाच, नवा व्यवहार असतो, आणि तो जातो फोनवरच्या माणसाने सांगितलेल्या खात्यावर. मूळ रक्कम तुमच्याकडे आलेली ती आलेलीच राहते. पुढे खऱ्या मालकाने तक्रार केली की विचारणा तुमच्याकडे येते, खातं गोठवलंही जाऊ शकतं. म्हणून परतफेड आपल्या हाताने करायची नाही, बँकेला कळवायचं. मग सहकारीच्या तोंडी एक वाक्य वाढवलं : “दादा, चुकून आले असतील तर तुम्ही तुमच्या बँकेला सांगा, मी माझ्या बँकेला सांगते.” खरोखर चुकलेल्या माणसाला यात राग येण्यासारखं काही नाही. लबाड असेल तो इथे आवाज चढवतो.

शेवटच्या टेकमध्ये ती फोन ठेवते, अ‍ॅप उघडते, नोंदी खाली सरकवत बघते. सहा सेकंद कुणी काही बोलत नाही. एडिटिंगला साहेब म्हणाले, इथे संगीत टाकू किंवा कापू. मी दोन्हीला नको म्हणालो, कारण नोंदी बघायला खरंच तेवढा वेळ लागतो. व्हिडिओ चार सेकंदांनी लांबला. शेवटी बँकेचं फिरणारं बोधचिन्ह कापलं.