आईच्या पासबुकातले ४,९२० रुपये

गेल्या वर्षी वेंगुर्ल्याला आईचं रिटर्न भरायला बसलो, तेव्हा तिनं पासबुक पुढे केलं आणि म्हणाली, "अरे, हे पैसे कमी इलेत." एका कंपनीचा लाभांश होता, जमा ४,९२०.

बाबांचे १,२०० शेअर आता तिच्या नावावर आहेत. जाहीर झालेला अंतिम लाभांश शेअरमागे ५ रुपये, म्हणजे ६,००० यायला हवे होते. कर दहा टक्के कापतात हे ठाऊक असल्यानं मी पासबुकावरूनच उलटा हिशेब केला: ४,९२० भागिले ०.९, उत्तर साधारण ५,४६७. हा आकडा वहीत लिहिलाही असता, पण तो १,२०० शेअरांना कुठूनच बसेना.

मग पत्र्याच्या पेटीतून कंपनीचे कागद काढले. हल्ली पैसे थेट खात्यात येतात आणि घरी नुसतं सूचनापत्र येतं, पण आई त्यालाही जुन्या लाभांशाच्या चेकसारखं वॉरंटच म्हणते. त्यावर तीन आकडे वेगवेगळे छापले होते: ढोबळ रक्कम ६,०००, कापलेला कर १,०८०, निव्वळ ४,९२०. कर ६०० का नाही, याचं उत्तर आधीच्या कागदात सापडलं. त्याच आर्थिक वर्षात, २०२४-२५ मध्ये, शेअरमागे ४ रुपये अंतरिम लाभांश आला होता. ते ४,८०० तेव्हाच्या ५,००० च्या मर्यादेत बसले, म्हणून कर शून्य. दुसऱ्या हप्त्यानं वर्षाची बेरीज १०,८०० झाली, मर्यादा ओलांडली, आणि कंपनीनं सगळ्या १०,८०० वरचा दहा टक्के कर या एकाच हप्त्यातून कापला.

तेव्हापासून बँकेतल्या रकमेवरून ढोबळ उत्पन्न काढायचं मी सोडलं. वहीत आधी कागदावरची ढोबळ रक्कम, मग कर, मग निव्वळ लिहितो, आणि पासबुकाशी फक्त शेवटचा रकाना ताडतो.

व्याजात तारखेनं घोळ घातला. आईची एका कंपनीत २ लाखांची ठेव आहे, ८ टक्के दरानं, व्याज सहामाही: ढोबळ ८,०००, कर ८००, हातात ७,२००. मार्चअखेरचं व्याज पासबुकात ३ एप्रिलला दिसतं, पण वॉरंटवर तारीख ३१ मार्चची, आणि कर मार्चमध्येच कापलेला. म्हणून दोन्ही सहामाह्या, १६,००० व्याज आणि १,६०० कर, त्याच वर्षात धरल्या.

शेवटी वही आयकराच्या 26AS शी, म्हणजे कापलेल्या कराच्या नोंदींच्या पत्रकाशी जुळवली. लाभांशाचा कर कलम 194 खाली, ठेवीच्या व्याजाचा 194A खाली. एकूण २,६८० रुपये, तंतोतंत.

आईचं सगळं उत्पन्न करपात्र मर्यादेखालीच आहे, म्हणून ते २,६८० रिटर्न भरून परत मागितले. लाभांशाची मर्यादा एप्रिल २०२५ पासून १०,००० झाली, तरी तिचे १०,८०० त्याच्या वरच जातात. म्हणून या एप्रिलला दोन्ही कंपन्यांना पहिल्या हप्त्याआधी कर कापू नये असं घोषणापत्र पाठवलं. आईनं सही केली आणि विचारलं, "म्हणजे आता सहा हजार पुरे येतले मा?"